रोग रेड्याला, रंग भिंतीला

बस. आणि आधी ते शेड कार्ड मिटून पिशवीत टाक. ओलीबद्दल विचारायला आलास आणि पहिला प्रश्न काय, तर ‘सर, रॉयल चांगला की सिल्क?’ बांधकामाच्या वर्गात पहिल्या बाकावर बसून हेच शिकलास का? गेल्या श्रावणात तू आईवडिलांच्या घरातली, हॉलची पश्चिमेकडची भिंत रंगवून घेतलीस. गणपतीत फोटो झकास आले. दिवाळीला त्या रंगावर फोड आले, शिमग्याला पोपडे सोफ्यामागे गळायला लागले. आता आषाढात तू पुन्हा कंपनीचं नाव विचारत माझ्या दारात उभा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

फोन काढ. तो भिंतीचा फोटो मोठा कर. दोन महिने तो फोनमध्ये घेऊन फिरतोयस, पण पाहिलेला नाहीस. ओलीचा डाग कुठे सुरू होतो? जमिनीपासून. कुठे संपतो? साधारण तीन फुटांवर, आणि तिथे आडवी, थोडी वाकडीतिकडी पिवळट रेघ आहे. रेघेच्या वर रंग ठणठणीत. रेघेजवळ पांढरी लव दिसते, कापूस चिकटल्यासारखी. एवढं त्या भिंतीने तुला लिहून दिलंय आणि तू दुकानदाराला विचारत बसलास.

वरच्या स्लॅबमधून पाणी आलं असतं तर डाग वरून खाली उतरला असता. भिंतीतली नळाची जोडणी गळत असती तर डाग एका जागेभोवती पसरला असता आणि मे महिन्यातही तेवढाच ओला राहिला असता. नुसती हवेतली वाफ भिंतीवर बसत असती तर कोपऱ्यात आणि कपाटामागे काळे ठिपके दिसले असते, जमिनीला धरून पट्टा नसता. हा पट्टा जमिनीतून वर चढलेल्या पाण्याचा आहे. चिरा सच्छिद्र असतो, पाणी त्यातून वर ओढलं जातं. जेवढं ओढलं जातं आणि जेवढं सुकून जातं त्यांचा मेळ जिथे बसतो, तिथे ती रेघ उमटते.

विश्वास बसत नसेल तर घरी जाऊन एक काम कर. पोपडे खरवडून भिंत मोकळी कर. दीड फूट लांबरुंद प्लास्टिकचा तुकडा घे, चारही कडा चिकटपट्टीने गच्च बंद कर आणि दोन दिवस तसाच ठेव. दव प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या अंगाला जमलं तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या अंगाला जमलं तर खोलीच्या हवेतून. एक तुकडा पट्ट्यात लाव आणि एक पाच फुटांवर, म्हणजे तुलना होईल. आणि त्या पांढऱ्या लवेला बुरशी म्हणू नकोस. ओलं बोट लाव. विरघळली तर तो खार. बुरशी पाण्याने विरघळत नाही, बोटावर चोळली जाते.

आता हे सांग, बाहेरच्या अंगणात काय केलंत? पेव्हर ब्लॉक बसवलेत ना? किती उंच आले? जोत्याच्या वर चार बोटं! वाटलंच मला. अंगण दिसायला छान झालं, गाडी लावायला सोय झाली आणि घराचं जोतं जमिनीत गेलं. जोत्यावर डीपीसीचा थर असेलही. पण अंगणच त्याच्या वर गेल्यावर पाणी तो थर ओलांडून थेट भिंतीत शिरणार. त्यात पन्हळ तुटलेली, म्हणजे कौलाची पागोळी पेव्हरवर आपटून तिचे शिंतोडे भिंतीवर. नैऋत्येचा पाऊस वरून झोडपतोय तो वेगळाच. एवढं पाणी बाहेरून पाजायचं आणि आतून महागडा रंग लावून भिंतीला सांगायचं, कोरडी रहा म्हणून!

खाराची गोष्ट तर तू पार विसरलास, परीक्षेत लिहिली होतीस तरी. पाणी जमिनीतून येताना क्षार घेऊन येतं. पाणी पृष्ठभागावर सुकतं, क्षार मागे उरतो. रंगाच्या पापुद्र्याखाली तो स्फटिक होऊन फुगतो. सोडिअम सल्फेट पाणी धरून स्फटिक झालं की त्याचं आकारमान तिपटीहून जास्त होतं. त्या जोरापुढे तुझा रंगच काय, सिमेंटचा गिलावाही भुगा होतो. भिंतीतून कुणी ढकलल्यासारखा रंगाला जो फोड येतो ना, तो बहुधा हाच. आणि साधं मीठ असेल तर आणखी खोड. हवेतली आर्द्रता पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. कोकणात जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे उद्या जमिनीतलं पाणी तू शंभर टक्के बंद केलंस, तरी तो खारलेला गिलावा पुढच्या आषाढात पुन्हा ओला दिसणार आणि तू ‘वॉटरप्रूफिंग फेल गेलं’ म्हणून बोंबलणार. म्हणून खारलेला गिलावा काढावाच लागतो. त्याच्यावर कुठल्याही कंपनीचं काहीही थापून भागत नाही.

आणि तो सल्ला कुणी दिला तुला, खालचे तीन फूट ऑइल पेंट मारायचा? सिमेंटच्या गिलाव्यात चुन्याचा अंश असतो, ओल आली की तो जागा होतो. तेलाच्या रंगातलं तेल आणि हा क्षारधर्मी ओलावा एकत्र आले की साबण होतो. रसायनाच्या तासाला साबण कसा करतात ते शिकलेला माणूस तू! तो रंग चिकट होतो, मऊ पडतो आणि सालपटासारखा निघतो. बरं, टिकला तरी त्याने पाणी अडत नाही. भिंतीला श्वास घ्यायला जागा उरत नाही, म्हणून पाणी आणखी वर चढतं. तीन फुटांवरची रेघ पाच फुटांवर जाते. टाइल्स लावणाऱ्याचंही तेच होतं. हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं, तू खिडकीबाहेर बघत असशील.

बरं, आता रंगाचं बोलू. तुला तेच ऐकायचंय म्हणून आलायस.

दुकानात चार कंपन्यांची चार नावं घेतात, पण ती चार वेगळी झाडं नाहीत. ट्रॅक्टर, बायसन, ब्यूटी, प्रॉमिस हे साधारण एका पायरीवर. रॉयल, सिल्क, इम्प्रेशन्स, व्हेल्वेट टच हे वरच्या पायरीवर. एका पायरीवरच्या दोन कंपन्यांत जो फरक पडतो त्यापेक्षा एकाच कंपनीच्या दोन पायऱ्यांमधला फरक कितीतरी मोठा. वरच्या पायरीवर बांधणारा चिकट अंश, म्हणजे बाइंडर, जास्त असतो. त्यामुळे रंग पुसता येतो, चकाकतो, डाग कमी धरतो. पण याच कारणाने त्याचा पापुद्रा घट्ट होतो आणि भिंतीतली वाफ सहज बाहेर सोडत नाही. खालच्या पायरीवरचा मॅट इमल्शन भुसभुशीत, वाफ सोडतो, पण हात लागला की डाग पडतो आणि बुरशीला घर मिळतं.

म्हणजे तुझ्या या भिंतीसाठी भारी रंग हा उलट वाईट. शीन किंवा सॅटिन फिनिश लावलंस तर आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट नाही, फोड लवकर येतील. त्यात खिडकीतून आडवा उजेड पडला की चकाकणारी भिंत गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा दाखवते. तिथे साधा मॅट लाव. स्वयंपाकघराची गोष्ट निराळी. तिथली ओल खोलीच्या वाफेची, भिंतीच्या आतली नाही. तिथे पुसता येणारा, बुरशीरोधक असलेला सॅटिन चालतो, पण एक्झॉस्ट पंखा लावलास तरच. हॉलची आणि स्वयंपाकघराची भिंत एकाच डब्याने रंगवायची, ‘मॅचिंग’ म्हणून, हा तुझा आग्रह कुठून आला ते तुलाच माहीत.

आणखी एक. पीओपीची पनिंग केलीत का त्या भिंतीला? केलीत. जिप्सम पाण्यात मऊ पडतं हे पुस्तकात पानभर आहे. बाहेरच्या पावसाळी भिंतीच्या आतल्या अंगाला पीओपी नको, पांढऱ्या सिमेंटची लांबी चालेल, आणि तीही पातळ, दोन हात मिळून दीड मिलिमीटरपेक्षा जाड नाही. अ‍ॅक्रिलिक लांबी हाताला गुळगुळीत लागते म्हणून रंगारी तीच काढतो. ओलीत ती पिठासारखी सुटते.

आता कव्हरेज. या बाबतीत तुला अक्षरशः कान धरून सांगायला हवं. ‘सर, या डब्यात जास्त भिंत निघते’ म्हणून तू रंग निवडलास ना? ते आकडे गुळगुळीत, कमी शोषणाऱ्या पृष्ठभागासाठी असतात. तुझ्या भुसभुशीत गिलाव्यावर ते निघणार नाहीत, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कव्हरेज म्हणजे जाडीचा व्यस्त आकडा. एक लिटर रंग एक चौरस मीटरवर पसरला तर ओला थर एक मिलिमीटरचा होतो, हा सोपा हिशेब पाठ कर. इमल्शनचा एक लिटर दोन हातांत शंभर चौरस फूट, म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर गेला, तर दोन्ही हात मिळून ओला थर जेमतेम ०.११ मिलिमीटर. त्यातलं पाणी उडून गेल्यावर उरतो त्याच्या निम्म्याहून कमी. शोभेला तेवढा पुरे. त्याच्याकडून पाणी अडवायची अपेक्षा करणं हा वेडेपणा.

ओलरोधक प्रायमरचं गणित वेगळं. त्याच्या डब्यावर कव्हरेज कमी लिहिलेलं असतं आणि तुझ्यासारखे ते वाचून डबा परत फळीवर ठेवतात. अरे, ते कमी आहे म्हणूनच तो काम करतो! दोन हातांत लिटरला तीस चौरस फूट, म्हणजे २.८ चौरस मीटर धर. ओला थर झाला ०.३६ मिलिमीटर, इमल्शनच्या तिप्पट. आता तुझा रंगारी त्यात मगभर पाणी ओततो आणि एका लिटरात साठ फूट काढून दाखवतो. तो खूष, तू खूष, आणि थर निम्म्यावर. पातळ केल्यामुळे त्यातला घन भागही कमी. म्हणून डब्यावर पाणी किती टक्के घालायचं लिहिलंय ते वाच. ‘घालू नका’ असं लिहिलं असेल तर थेंबही नाही. कुठल्याही दोन कंपन्यांची तुलना करायची असेल तर टेक्निकल डेटा शीट काढून तीन ओळी शेजारीशेजारी ठेव: किती चौरस फूट, किती हातांत, किती पाणी घालून. एका कंपनीचा आकडा एका हाताचा आणि दुसरीचा दोन हातांचा असेल, तर तुझी तुलना कचऱ्यात.

हायड्रोलॉक, डॅम्पगार्ड, अ‍ॅक्वाटेक अशी नावं दुकानदार एका दमात घेईल. नाव सोड, डबा उलटा करून मागचा मजकूर वाच. एक जात आहे तयार अ‍ॅक्रिलिकची, उघडली की लावली. सोपी. पण मागून सतत पाणी येत असेल तर सुटते. दुसरी जात दोन भागांची, एका पिशवीत सिमेंटमिश्रित पावडर आणि दुसऱ्या डब्यात पॉलिमरचं दूध. मिसळायला कटकट, तासाभरात संपवावी लागते, पण गिलाव्याला घट्ट धरते आणि थोड्या ओलीची तिला तक्रार नसते. तुझ्या भिंतीला मी हीच देईन. तिसरी जात इपॉक्सीची, ताकदीची. पण खारलेल्या, कच्च्या गिलाव्यावर ती लावलीस तर सुटताना गिलाव्याचा तुकडा घेऊनच निघेल. आणि तिघींनाही एक मर्यादा आहे. आतल्या अंगाने लावलेला थर पाण्याच्या चुकीच्या बाजूला असतो. पाणी त्याला भिंतीवर दाबत नाही, भिंतीपासून ढकलतं. त्यामुळे पाण्याचा बंदोबस्त बाहेरून झाला पाहिजे, आतला थर फक्त उरल्यासुरल्याला.

आणि हा थर लांबीवर लावायचा नसतो! गेल्या वर्षी रंगाऱ्याने जुन्या लांबीवर मारला, मला फोटोतच दिसतंय. निघालेल्या पोपड्याच्या मागे पांढरी पूड चिकटलीय बघ. प्रायमरने लांबी घट्ट धरली, लांबीने भिंत सोडली. आधी उघडा गिलावा, त्यावर ओलरोधक थर, मग लांबी, मग नेहमीचा प्रायमर आणि रंग. हा क्रम हातावर लिहून घे.

आता तुझ्या भिंतीचा हिशेब मांडू. वही काढ. फोनमध्ये नको, वहीत.

भिंत बारा फूट लांब, दहा फूट उंच. रेघ तीन फुटांवर, त्याच्या वर दीड फूट धरून साडेचार फुटांपर्यंतचा गिलावा काढायचा. बारा गुणिले साडेचार, चौपन्न चौरस फूट. चिरा उघडा पडला की सांधे अर्धा इंच खोल कोरायचे आणि खार कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने धुवायचा नाही, धुतलास तर तो विरघळून पुन्हा आत जातो. झाडलेली पूड घरात पडू देऊ नकोस, बाहेर फेक. हे काम पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरात. त्याच वेळी बाहेर भिंतीलगतचे पेव्हर फूटभर रुंदीने काढ, जमीन जोत्याच्या माथ्यापासून निदान सहा इंच खाली घे, उतार भिंतीपासून दूर दे, पन्हळ बसव, बाहेरच्या गिलाव्यातल्या भेगा भर.

मग थांब. हेच तुला जमत नाही. चिऱ्याची भिंत नऊ इंची आहे. जाड भिंतीला सुकायला दर इंचाला महिना, असा जुना ठोकताळा आहे. दोन्ही अंगांनी वारा मिळाला तर निम्मा काळ धर. म्हणजे ऑक्टोबरात उघडलेली भिंत मार्चपर्यंत उघडी. पाहुणे आले तर येऊ देत. मार्चमध्ये तेच प्लास्टिक पुन्हा चिकटवून बघ. आत दव नसेल तर एकास चार सिमेंट-वाळूचा गिलावा, वाळू खाडीची नको, नदीची किंवा धुतलेली क्रश सँड. मिश्रणात आयएस २६४५ चा शिक्का असलेला जलरोधक द्रव घाल. डॉ. फिक्सिटचा एलडब्ल्यू प्लस घेतलास तर पन्नास किलोच्या पोत्याला दोनशे मिलिलिटर, ‘थोडा जास्त’ नाही. आठवडाभर पाणी मार, मग अठ्ठावीस दिवस पुरे होईपर्यंत हात लावू नकोस. ताज्या गिलाव्यातला चुना कुठल्याही रंगाला खातो.

एप्रिलमध्ये ओलरोधक थर. चौपन्न फूट आणि त्याच्या वर जुन्या गिलाव्यावर आणखी फूटभर, म्हणजे बारा फूट जास्त, एकूण सहासष्ट. लिटरला तीस धरले तर सव्वादोन लिटर. दोन लिटरचा डबा पुरत नाही म्हणून पाणी घालून पुरवायचा नाही, आणखी एक लिटर आणायचा. दुभागी माल किलोवर मिळतो, तिथे त्याच्या शीटवरचा आकडा घे आणि हाच भागाकार कर. पहिला हात आडवा, दुसरा उभा. दोन दिवसांनी कोपऱ्यात ब्लेडने बारीक जाळी कोर, चिकटपट्टी दाबून लाव आणि झटक्यात ओढ. चौकोन पट्टीला चिकटून आले तर पुढे जायचं नाही, गिलाव्यात खोट आहे. मग लांबी, प्रायमर, आणि एकशेवीस फुटांना मॅट इमल्शनचे दोन हात. नव्या भिंतीवर लिटरला शंभर धर, सव्वा लिटर लागेल. ट्रॅक्टर घे नाहीतर बायसन, मला फरक पडत नाही आणि त्या भिंतीलाही पडणार नाही.

एवढं करूनही पुढच्या पावसाळ्यात रेघ वर आली, तर जोत्यात डीपीसी मुळात नाही असं समज. मग भिंतीत छिद्रं पाडून सिलेन-सिलॉक्सेनचं इंजेक्शन देण्याचा विचार करता येईल. पण अंगण खाली घेतल्यावर एक पावसाळा पाहिल्याशिवाय त्या खर्चात पडायचं नाही. जांभ्यात पोकळ्या फार, रसायन कुठल्या कुठे निघून जातं.

काय? या गणपतीचं काय? गणपतीच्या आधी रंग नाही म्हणजे नाही. भर श्रावणात, भिंत पाण्याने फुगलेली असताना रंग मारायची कल्पना तुझ्या डोक्यात येतेच कशी? खालचे पोपडे पूर्ण खरवडून काढ आणि पातळ चुन्याचा एक हात दे. तो वाफ अडवत नाही, बुरशीला मानवत नाही आणि ऑक्टोबरात गिलाव्याबरोबर निघूनही जातो. सोफा भिंतीपासून हातभर पुढे ओढ. मखर पूर्वेच्या भिंतीला लाव, ती कोरडी आहे. आई विचारतील तर सांग, सरांनी सांगितलंय. आणि जाताना त्या पेव्हरवाल्याला फोन कर, ऑक्टोबरात त्याला वेळ आहे का विचार. दिवाळीच्या आसपास ते लोक मिळत नाहीत.